फ्लॅट दरामागचा खरा दर: बायसेक्शन हमखास पोहोचते पण रेंगाळत, आणि किती वेळा अर्धे करायचे हे आधीच कसे कळते

एक लाख रुपयांचे कर्ज, दोन वर्षांची मुदत, व्याज ‘फ्लॅट १० टक्के’. हिशेब असा मांडतात: एक लाखावर १० टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज २०,००० रुपये, एकूण परतफेड १,२०,००० रुपये, २४ हप्ते, म्हणजे महिन्याला बरोबर ५,००० रुपये. यातली ग्यानबाची मेख अशी की मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, पण व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण एक लाखावर आकारलेले असते. घटत्या शिलकीवर मोजायचे, तर खरा दर किती पडतो?

तो दर काढण्यासाठी मासिक दर `r` असा शोधायचा की २४ हप्त्यांची आजची किंमत एक लाख भरेल:

`5000 × (1 − (1 + r)^−24) / r = 100000`

इथे `r` भाजकातही आहे आणि चोविसाव्या घातातही. त्याला एका बाजूला एकटे काढणारे सोपे सूत्र नाही, त्यामुळे अंदाज घेत जवळ सरकावे लागते. त्यासाठी सर्वांत भरवशाची पद्धत बायसेक्शन, म्हणजेच द्विभाजन. एक-दोन अटी पाळल्या तर ती कधी फसत नाही, आणि हव्या त्या अचूकतेला किती फेऱ्या लागतील हे पहिली फेरी करण्याआधीच सांगता येते. मोबदल्यात वेग सोडावा लागतो. हे तिन्ही मुद्दे याच कर्जावर पाहू.

मांडणी आणि पहिले दोन आकडे

बायसेक्शनला समीकरणाची उजवी बाजू शून्य लागते. म्हणून एक फलन लिहू:

`g(r) = 5000 × (1 − (1 + r)^−24) / r − 100000`

दर वाढला की भविष्यातल्या हप्त्यांची आजची किंमत घटते, म्हणून `g` सतत उतरत जाते. `g` धन आला तर आपण धरलेला दर खऱ्या दरापेक्षा कमी आहे, ऋण आला तर जास्त आहे. यापुढे दर टक्क्यांत लिहू, सूत्रात घालताना १०० ने भागू.

आता दोन टोके हवीत: एकावर `g` धन, दुसऱ्यावर ऋण. फ्लॅट १० टक्के म्हणजे महिन्याला ०.८३ टक्के, आणि खरा दर याहून नक्कीच जास्त असणार. महिना १ टक्का धरला तर हप्त्यांची आजची किंमत १,०६,२१७ रुपये येते, म्हणजे `g` = +६,२१७. महिना २ टक्के धरला तर ९४,५७० रुपये, म्हणजे `g` = −५,४३०. चिन्हे विरुद्ध आहेत, आणि खरा दर १ आणि २ टक्क्यांच्या मध्ये अडकला.

दुसरे टोक चटकन सापडत नसेल, तर ते दुप्पट करत जावे: २ नाही तर ४, ४ नाही तर ८, चिन्ह बदलेपर्यंत. टोकाचा अंदाज फारसा नेमका नसला तरी विशेष बिघडत नाही. का, ते फेऱ्यांच्या हिशेबात कळेल.

एक फेरी म्हणजे काय

मधला बिंदू काढायचा, तिथे `g` चे चिन्ह पाहायचे आणि ज्या अर्ध्या भागाच्या दोन टोकांवर चिन्हे विरुद्ध आहेत तो भाग ठेवायचा. बस, इतकेच.

पहिल्या फेरीत मधला दर १.५ टक्के. तिथे किंमत १,००,१५२ रुपये, `g` धन. म्हणून खरा दर १.५ च्या उजवीकडे, आणि १ ते १.५ हा भाग टाकून द्यायचा. दुसऱ्या फेरीत १.५ आणि २ यांच्या मध्ये १.७५. तिथे `g` ऋण, म्हणून १.७५ ते २ हा भाग गेला. अशा बारा फेऱ्या पुढे दिल्या आहेत (`g` रुपयांत):

| फेरी | मधला दर (महिना, %) | `g` | उरलेला पट्टा (%) |
|---|---|---|---|
| १ | १.५ | +१५२.०३ | १.५ ते २ |
| २ | १.७५ | −२६९६.५७ | १.५ ते १.७५ |
| ३ | १.६२५ | −१२८६.९७ | १.५ ते १.६२५ |
| ४ | १.५६२५ | −५७१.१९ | १.५ ते १.५६२५ |
| ५ | १.५३१२५ | −२१०.५२ | १.५ ते १.५३१२५ |
| ६ | १.५१५६२५ | −२९.५ | १.५ ते १.५१५६२५ |
| ७ | १.५०७८१३ | +६१.२ | १.५०७८१३ ते १.५१५६२५ |
| ८ | १.५११७१९ | +१५.९ | १.५११७१९ ते १.५१५६२५ |
| ९ | १.५१३६७२ | −६.८ | १.५११७१९ ते १.५१३६७२ |
| १० | १.५१२६९५ | +४.५ | १.५१२६९५ ते १.५१३६७२ |
| ११ | १.५१३१८४ | −१.२ | १.५१२६९५ ते १.५१३१८४ |
| १२ | १.५१२९३९ | +१.७ | १.५१२९३९ ते १.५१३१८४ |

खरा दर महिन्याला सुमारे १.५१३०८ टक्के आहे, म्हणजे बाराने गुणून वर्षाला १८.१६ टक्के. ‘फ्लॅट १०’ असे कानाला गोड लागणारे कर्ज प्रत्यक्षात १८ टक्क्यांच्या वर पडते.

ती चुकत का नाही

प्रत्येक फेरीनंतर एक गोष्ट कायम राहते: पट्ट्याच्या डाव्या टोकावर `g` धन असतो आणि उजव्या टोकावर ऋण किंवा शून्य. आपण मधला बिंदू धन निघाला तर त्याला डावे टोक करतो, नाहीतर उजवे. त्यामुळे ही अट मोडायला जागाच नाही.

आता डाव्या टोकांकडे पाहा. ती फक्त उजवीकडे सरकतात किंवा जागेवर राहतात, आणि २ च्या पलीकडे कधी जात नाहीत. उजवी टोके तशीच फक्त डावीकडे येतात. दोघांमधले अंतर दर फेरीला निम्मे होते, म्हणून शून्याकडे जाते. तेव्हा दोन्ही बाजूंची टोके एकाच बिंदूवर येऊन मिळणार. त्या बिंदूला `c` म्हणू. डाव्या टोकांवर `g` नेहमी धन होता, आणि `g` संतत आहे, म्हणजे त्याच्या आलेखात कुठे तुटलेला भाग नाही. म्हणून `g(c)` ऋण असू शकत नाही. उजव्या टोकांकडून त्याच न्यायाने `g(c)` धनही असू शकत नाही. उरले शून्य.

या युक्तिवादात `g` चा उतार किती, आलेख कसा वळतो, सुरुवातीचा अंदाज किती जवळचा, यांपैकी काहीही वापरलेले नाही. लागल्या त्या फक्त दोन गोष्टी, टोकांवर विरुद्ध चिन्हे आणि मधे संतत फलन. त्या असतील तर मूळ, म्हणजे `g` जिथे शून्य होतो तो बिंदू, असतेच, हे बर्नार्ड बोल्झानो यांनी १८१७ मध्ये सिद्ध करून दाखवले. बायसेक्शन त्याच विधानाला मोजणीची रीत बनवते.

रेंगाळते का

पहिल्या फेरीनंतरची स्थिती पाहा. १.५ वर `g` आहे +१५२ आणि २ वर −५,४३०. हे दोन आकडे पाहणारा कोणीही म्हणेल की मूळ १.५ ला अगदी चिकटून असणार. बायसेक्शन मात्र निर्विकारपणे १.७५ वर जाते, कारण ती आकड्यांचा आकार पाहतच नाही, फक्त चिन्ह पाहते. `g` काढायला आपण चोविसावा घात मोजला, भागाकार केला, आणि हाती आलेल्या माहितीतून फक्त ‘धन’ किंवा ‘ऋण’ एवढेच घेतले. एका फेरीतून एका हो-नाही प्रश्नाचे उत्तर मिळते, त्याहून जास्त काही नाही.

त्याची किंमत मोजता येते. एक दशांश अंक मिळवायचा म्हणजे पट्टा दहापट आखूड करायचा, आणि `log2(10)` सुमारे ३.३२ असल्याने प्रत्येक अंकाला साधारण सव्वातीन फेऱ्या लागतात. दहा फेऱ्यांत पट्टा १,०२४ पट आखूड होतो, म्हणजे जेमतेम तीन अंक.

तुलनेसाठी न्यूटनची पद्धत घ्या. ती आकारही वापरते आणि उतारही. १.५ वर `g` चा उतार दर टक्क्याला सुमारे −११,६३२ रुपये आहे. म्हणून पुढचा अंदाज १.५ + १५२.०३ ÷ ११,६३२, म्हणजे सुमारे १.५१३०७. खऱ्या उत्तरापासून अंतर टक्क्याच्या लाखाव्या भागाइतके, साधारण दीड लाखांश. बायसेक्शनने अकरा फेऱ्यांत जे साधले, त्याहून चांगले उत्तर एका पावलात मिळाले. पण न्यूटनला चांगली सुरुवात लागते. उतार शून्याजवळ असेल तर ती दूर फेकली जाऊ शकते, आणि ती किती पावलांत पोहोचेल याची आधी हमी देता येत नाही.

फक्त चिन्ह पाहायचे ठरवले, तर बायसेक्शनहून वेगवान काही करता येईल का? सर्वांत वाईट परिस्थितीत नाही. पट्टा कुठेही तोडा, मूळ मोठ्या तुकड्यात निघण्याची शक्यता उरतेच, आणि मोठा तुकडा निम्म्याहून लहान असूच शकत नाही. तेव्हा संथपणाचा दोष मधोमध तोडण्याचा नाही, चिन्हाखेरीज सगळी माहिती फेकून देण्याचा आहे.

यावरून नवख्यांची फसगत करणारी आणखी एक बाब निघते. दर फेरीला निम्मी होते ती चूक जास्तीत जास्त किती असू शकते याची *मर्यादा*. प्रत्यक्ष चूक मागेपुढे होत राहते. तक्त्यात पहिल्या फेरीचा १.५ हा अंदाज खऱ्या दरापासून ०.०१३ ने दूर आहे. दुसऱ्या फेरीचा १.७५ मात्र ०.२३७ ने दूर, म्हणजे कितीतरी वाईट. तिसरी, चौथी, पाचवी फेरीसुद्धा पहिल्यापेक्षा वाईटच. सहाव्या फेरीत कुठे १.५ पेक्षा जवळचा आकडा मिळतो, आणि सातव्यात पुन्हा थोडी पिछेहाट होते. म्हणून ‘मागच्या फेरीपेक्षा चूक वाढली, काहीतरी बिघडले’ असा निष्कर्ष काढू नये. तसेच १.५ हे उत्तर चांगले होते हे पहिल्या फेरीत *माहीत* नव्हते. त्या वेळी ठाऊक होते ते फक्त ‘१.५ ते २ च्या मध्ये कुठेतरी’.

किती फेऱ्या: आधी ठरवा, मग मोजा

सुरुवातीचा पट्टा `a` ते `b`. `n` फेऱ्यांनंतर त्याची रुंदी `(b − a) / 2^n`. उत्तर म्हणून शेवटच्या पट्ट्याचा मध्य सांगितला, तर मूळ जास्तीत जास्त अर्ध्या रुंदीवर असेल:

`चूक ≤ (b − a) / 2^(n+1)`

ही चूक `ε` पेक्षा जास्त नको असेल, तर

`n ≥ log2((b − a) / ε) − 1`

आणि उत्तर अपूर्णांकात आले तर वरचा पूर्णांक घ्यायचा. मध्याऐवजी एखादे टोक उत्तर म्हणून देणार असाल तर −१ काढून टाका, एक फेरी वाढेल. वेगवेगळ्या पुस्तकांतल्या सूत्रांत दिसणारा एकाचा फरक बहुधा इथूनच येतो: कोणी टोक धरतात, कोणी मध्य, आणि कोणी पहिला मध्यबिंदू शून्यावी फेरी म्हणून मोजतात.

आपल्याला वार्षिक दर दोन दशांशांपर्यंत हवा, म्हणजे चूक ०.००५ टक्क्यांच्या आत. इथे पहिली ठेच लागते. पट्टा *मासिक* दराचा आहे, अचूकता *वार्षिक* दराची. मासिक दरातली चूक बाराने गुणली जाणार, म्हणून `ε` = ०.००५ ÷ १२. पट्ट्याची रुंदी १ टक्का. भागाकार १ ÷ `ε` बरोबर २,४०० येतो.

आता कॅल्क्युलेटरचीही गरज नाही. दोनाचा अकरावा घात २,०४८, कमी पडतो. बारावा घात ४,०९६, पुरतो. म्हणून `n + 1` = १२, `n` = ११. अकरा फेऱ्या, अधिक सुरुवातीची दोन टोके, एकूण `g` तेरा वेळा काढायचा. बाराने भागायचे विसरलात तर २०० मिळतील, आणि आठ घातांत काम झाले असे वाटून सात फेऱ्यांवर थांबाल. तेव्हा वार्षिक दरातली चूक ०.०४ टक्क्यांहून जास्त असू शकते.

या हिशेबात `g` कुठेही आलेला नाही. कर्ज एक लाखाचे असो की कोटीचे, समीकरण सोपे असो की अवघड, फेऱ्यांची संख्या फक्त पट्ट्याची रुंदी आणि हवी ती अचूकता यांवर ठरते. सुरुवातीचा पट्टा नेमका नसला तरी चालते ते यामुळेच. काहीच कल्पना नसल्याने रुंदी १ ऐवजी १०० टक्के धरली, तर २,४०० च्या जागी २,४०,००० येतात. दोनाचा सतरावा घात १,३१,०७२, अठरावा २,६२,१४४, म्हणून `n` = १७. पट्टा शंभरपट रुंद, फेऱ्या फक्त सहा जास्त. चांगला पट्टा शोधण्यात तासभर घालवण्यापेक्षा सहा फेऱ्या केव्हाही स्वस्त.

‘०.००५ च्या आत’ आणि ‘दोन दशांश बरोबर’ यांत फरक आहे

अकराव्या फेरीनंतरचा पट्टा बाराने गुणा: १८.१५२ ते १८.१५८. मध्य १८.१५५३, आणि चूक ०.००३ च्या आत, म्हणजे ठरवलेली हमी पूर्ण झाली. तरी दोन दशांशांत काय लिहाल? डावे टोक १८.१५ सांगते, उजवे १८.१६. दोन्ही शक्य आहेत. पट्टा नेमका १८.१५५ या सीमेवर पसरला आहे, आणि अकरा फेऱ्यांच्या माहितीवर कोणता अंक छापावा हे ठरवता येत नाही.

बारावी फेरी करा. `g` धन येतो, पट्टा १८.१५५३ ते १८.१५८२ उरतो, आणि आता दोन्ही टोके १८.१६ च म्हणतात. नियम असा धरावा: छापायचा आकडा ठरवताना दोन्ही टोके पूर्णांकित करून पाहा. ती जुळेपर्यंत फेऱ्या चालू ठेवा. बहुतेक वेळा सूत्राने सांगितलेल्या `n` ला किंवा एक-दोन फेऱ्या पुढे काम होते. मूळ अगदी सीमेवरच बसले असेल तर लांबते, आणि तेव्हा एक दशांश जास्त छापणे शहाणपणाचे.

स्प्रेडशीटवर आणि कोडमध्ये

स्प्रेडशीटमध्ये दुसऱ्या ओळीत `A2` ला 1, `B2` ला 2 लिहा. पुढचे रकाने असे:

```
C2:  =(A2+B2)/2
D2:  =5000*(1-(1+C2/100)^-24)/(C2/100)-100000
A3:  =IF(D2>0,C2,A2)
B3:  =IF(D2>0,B2,C2)
```

`C2` आणि `D2` तिसऱ्या ओळीत ओढा, मग तिसरी ओळ तेराव्या ओळीपर्यंत खाली ओढा. `IF` ची दिशा घटत्या फलनासाठी आहे. वाढते फलन असेल तर `>` च्या जागी `<` करा, नाहीतर पट्टा मुळापासून पळून एका टोकाला जाऊन बसेल. ही चूक ओळखायला सोपी: `A` किंवा `B` रकान्यातला आकडा शेवटपर्यंत एकदाही बदलत नाही. सोबत `g` चे मूल्यही शून्याकडे जाण्याऐवजी हजारांत अडकून राहते.

पायथनमध्ये:

```python
from math import ceil, log2

def g(r):
    q = r / 100
    return 5000 * (1 - (1 + q)**-24) / q - 100000

a, b, eps = 1.0, 2.0, 0.005 / 12
n = max(0, ceil(log2((b - a) / eps)) - 1)
ga = g(a)
assert (ga > 0) != (g(b) > 0)
for _ in range(n):
    m = a + (b - a) / 2
    if (g(m) > 0) == (ga > 0):
        a = m
    else:
        b = m
print(n, a, b, a + (b - a) / 2)
```

फेऱ्यांसाठी इथे `while b - a > eps` ऐवजी मोजून ठेवलेला `n` वापरला आहे, आणि ते मुद्दाम. संगणकाच्या दुहेरी अचूकतेच्या आकड्यांत १ आणि २ च्या मध्ये शेजारच्या दोन संख्यांचे अंतर 2^−52 असते. म्हणजे या पट्ट्यावर ५२ फेऱ्यांनंतर दोन टोके शेजारी येतात, त्यांच्यामध्ये तिसरी संख्याच नसते, आणि मध्य एखाद्या टोकावरच पडतो. `eps` ला कोणी 1e-18 लिहिले तर `while` चा फेरा कधी संपणारच नाही. मोजलेल्या `n` ची गाडी कुठे तरी थांबते. आणि `n` ५२ च्या वर निघाला, तर मागितलेली अचूकताच अशक्य आहे हे धावण्याआधी दिसते.

चिन्हे तपासायला `g(a)*g(m) < 0` असा गुणाकार बऱ्याच ठिकाणी लिहिलेला आढळतो. मुळाजवळ दोन्ही मूल्ये फार लहान असतील तर गुणाकार संगणकात शून्य होऊन बसू शकतो. चिन्हांची थेट तुलना जास्त सुरक्षित.

जिथे हमी लागू होत नाही

हमी दोन अटींवर उभी आहे, त्यामुळे बिघाडही तिथेच होतो. याच कर्जाचे समीकरण जरा वेगळे लिहिले की सगळे नमुने दिसतात. भागाकार नको म्हणून दोन्ही बाजूंना `r` ने गुणले, तर

`h(r) = 100000·r − 5000·(1 − (1 + r)^−24)`

दिसायला हे सुटसुटीत. पण आता `r = 0` हेही मूळ झाले, जे आपल्याला नको आहे. −१ टक्क्यावर `h` = +३६४, १ टक्क्यावर −६२, २ टक्क्यांवर +१०९. पट्टा −१ ते १ दिला, तर बायसेक्शन इमानेइतबारे शून्यावर पोहोचून ‘व्याज शून्य टक्के’ असे सांगेल. पट्टा −१ ते २ दिला, तर आत दोन मुळे असूनही दोन्ही टोके धन, आणि पद्धत सुरूच होणार नाही. एकसारखी चिन्हे म्हणजे मूळ नाही, असा अर्थ होत नाही. आत सम संख्येने मुळे असू शकतात. उलट विरुद्ध चिन्हे असली की किमान एक मूळ नक्की, पण अनेक असल्यास कोणते हाती लागेल ते पट्टा ठरवतो. म्हणून इथे भागाकाराचे `g` च चांगले. त्यात फक्त `r = 0` टोक म्हणून देऊ नये, शून्याने भागले जाते. तिथली किंमत हवीच असेल तर ती बिनव्याजी हप्त्यांची बेरीज असते: १,२०,००० रुपये.

दुसरी अट संततपणाची. `tan x` ला १ ते २ रेडियन हा पट्टा दिला तर टोकांवर चिन्हे विरुद्ध असतात, पण मूळ नसते. π/२ वर आलेख तुटलेला आहे, आणि बायसेक्शन तंतोतंत तिथे जाऊन थांबते. पट्टा नियमाप्रमाणे आखूड होत जातो, त्यामुळे फक्त रुंदी पाहणाऱ्याला काही कळत नाही. `g` चा रकाना मात्र बोलतो: खऱ्या मुळाकडे जाताना मूल्ये शून्याकडे येतात, तुटलेल्या जागेकडे जाताना ती फुगत जातात. शेवटच्या दोन-चार ओळींवर नजर टाकण्याची सवय ठेवावी.

उलट फक्त `g` लहान झाला म्हणून थांबणेही फसवे. `(x − 1)^9` हे फलन `x = 1.1` वर केवळ 10^−9 असते, आणि उत्तर मात्र दहा टक्क्यांनी चुकलेले असते. थांबण्याचा निकष पट्ट्याच्या रुंदीवर ठेवावा, `g` चा आकार तपासणीपुरता.

अचूकतेला तळ कुठे लागतो

आपल्या कर्जात मुळाजवळ `g` चा उतार दर टक्क्याला सुमारे −११,६०० रुपये आहे. साध्या कॅल्क्युलेटरवर किंमत पूर्ण रुपयांत लिहून काढत असाल, तर अर्ध्या रुपयाची चूक म्हणजे दरात ०.००००४३ टक्क्यांची संदिग्धता. चौदाव्या फेरीनंतर पट्ट्याची रुंदी ०.००००६१ टक्के होते. म्हणजे तिथून पुढे `g` चे चिन्हच भरवशाचे राहत नाही, आणि चिन्ह चुकले की ज्या अर्ध्यात मूळ आहे तोच टाकून दिला जातो. मागे वळून तो परत घेण्याची सोय बायसेक्शनमध्ये नाही. पैशांपर्यंत मोजा, किंवा तिथेच थांबा.

आणि हप्त्याचा आकडाच किती पक्का? इथे तो बरोबर ५,००० आला हा योगायोग. सहसा हप्ता जवळच्या रुपयाला पूर्णांकित केलेला असतो. हप्त्यात ५० पैशांचा फरक म्हणजे आजच्या किमतीत सुमारे १० रुपयांचा फरक, आणि त्याने वार्षिक दर ०.०१ टक्क्याने हलतो. अशा हप्त्यावरून तीस फेऱ्या करून आठ दशांश छापणे म्हणजे नुसती शाई वाया घालवणे. बारा फेऱ्या पुरे.

कर्ज देताना प्रक्रिया शुल्क २,००० रुपये कापून हातात ९८,००० च दिले असतील, तर समीकरणात एक लाखाच्या जागी ९८,००० येतात. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार किरकोळ कर्जांच्या मुख्य तथ्य विवरणात जो वार्षिक टक्केवारी दर द्यावा लागतो, तोही असे शुल्क धरूनच काढायचा असतो. त्यासाठी पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. तक्त्यातल्या `g` मध्ये २,००० मिळवा: १.७५ वर −२६९७ चे −६९७ होते, १.६२५ वर −१२८७ चे +७१३. नवा पट्टा १.६२५ ते १.७५, रुंदी ०.१२५. त्याच अचूकतेसाठी ०.१२५ ला `ε` ने भागले की ३०० येतात, दोनाचा नववा घात ५१२, म्हणून आणखी आठ फेऱ्या. उत्तर महिन्याला १.६९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला २० टक्क्यांच्या थोडे वर पडते.